रोज एक मनाचा श्लोक, बरोबर एका मिनिटात : संहितेचा साचा कसा बसवावा?

संत्रानगरीकर

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या खामल्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं ठरवलंय की रोज सकाळी मनाचा एक श्लोक ऐकवायचा. एक मिनिटाचा व्हिडिओ, पडद्यावर श्लोक आणि मागे आवाज, बाकी काही नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि यूट्यूब शॉर्ट्सवर टाकायचा. श्लोक २०५, म्हणजे रोज एक धरला तर सात महिन्यांच्या आत संपतील. वाचायला मंडळातलेच एक काका आहेत, आवाज खणखणीत. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

साचा असा ठरवलाय : ठरलेली सुरुवात, मग श्लोक, मग अर्थ, मग आजच्या जगण्यातलं एक उदाहरण, मग संकल्प, मग निरोप. सुरुवात रोज तीच : "नमस्कार मित्रांनो! संत्रानगरी नागपूरहून आपल्या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. आपण ऐकत आहात आपली आवडती मालिका 'मनाचे श्लोक'. तर चला, वळूया आजच्या श्लोकाकडे."

नमुना म्हणून अकरावा श्लोक घेतला.

जगी सर्व सूखी असा कोण आहे
विचारे मना तूचि शोधूनि पाहे
मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले
तयासारिखे भोगणे प्राप्त झाले

त्यावर मी लिहिलेला अर्थ : "मित्रांनो, समर्थ आपल्याला सांगतात की या जगामध्ये पूर्णपणे सुखी असा कोणीही माणूस नाही. प्रत्येकाला काही ना काही दुःख असतेच. श्रीमंताला श्रीमंतीचे, गरिबाला गरिबीचे. तुम्हाला जे दुःख भोगावे लागते ते तुमच्याच पूर्वसंचिताचे फळ आहे. म्हणून तुम्ही दुःख करत बसू नका, चांगले कर्म करा, म्हणजे तुमचे पुढील आयुष्य सुखाचे होईल. चला तर मग, आजपासून चांगले कर्म करण्याचा संकल्प करूया."

काकांनी वाचलं तर घड्याळात दीड मिनिट. भरभर वाचलं की सव्वा मिनिट, पण मग बातम्या दिल्यासारखं वाटतं. कुठे कापू?

बर्डीचा_भाऊ

काहून एवढं डोकं लावून राहिले भाऊ? आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर सुविचार येते. कोणी वाचत नाही, पण सगळे हात जोडते. तुम्ही बी एक सूर्योदयाचा फोटो लावा अन् श्लोक टाका. मिनिट कोणाले आहे?

संत्रानगरीकर

भाऊ, फोटो नको आहे. मंडळातल्या निम्म्या लोकांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून तर ऐकवायचं ठरलं.

ओवीवेडा

शॉर्ट्सना आता तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे. मग दीड मिनिटाला काय हरकत? कापू नका.

दुसरं, मनाचे श्लोक सगळ्यांना पाठ असतात. आपल्या विदर्भाचं काही घ्या ना. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता घ्या. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या, म्हणजे बारा वर्षांची निश्चिंती! आणि संतवाङ्मय आहे, कुणाची परवानगी लागत नाही. सुरुवातीला एखाद्या गाजलेल्या गायकाच्या आवाजातला तुकडा लावा, लगेच वातावरण तयार होतं.

कायद्याचा_कीस

ओवीवेडा, समर्थांच्या बाबतीत बरोबर. ते सतराव्या शतकात गेले, त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही. पण "संतवाङ्मय म्हणजे मोकळं" हा नियम तुम्ही सरसकट लावताय. महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबा किंवा रीतसर परवानगी घ्या. दोन-चार ओव्या उद्धृत करणं वेगळं आणि अख्खा ग्रंथ रोज एक करून प्रसारित करणं वेगळं.

गायकाचा तुकडा तर नकोच. श्लोक जुना असला तरी ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असतो, तोही प्रकाशनानंतर ६० वर्षं. यूट्यूब तो आवाज आपोआप ओळखतं आणि हक्काचा दावा येतो. शिवाय तुमची सुरुवात रोज तीच असणार, त्यामुळे तो दावा एका व्हिडिओवर येणार नाही, २०५ व्हिडिओंवर येईल. छापील पुस्तकातला अर्थ उतरवून घेतानाही हेच. श्लोक मोकळा, त्यावरचं अलीकडच्या कुणाचं विवेचन मोकळं असेलच असं नाही.

निवृत्त_निवेदिका

माझा निवेदनाचा धंदा बरीच वर्षं होता, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी मिनिट का, ते बघू. तीन मिनिटांची मुभा आहे हे खरं, पण रोजच्या गोष्टीला मुभेपेक्षा सवय महत्त्वाची. ऐकणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे की चहाचं आधण ठेवलं आणि उकळायच्या आत हे संपलं. एक दिवस ५५ सेकंद आणि दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं झाली की माणूस "नंतर ऐकू" म्हणून बाजूला ठेवतो, आणि ते नंतर कधी येत नाही.

आता हिशेब. तुमचं नशीब चांगलं की तुम्ही मनाचे श्लोक निवडलेत, कारण २०५ च्या २०५ एकाच वृत्तात आहेत. भुजंगप्रयात. ओळीला बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गण, म्हणजे ओळीच्या वीस मात्रा आणि श्लोकाच्या ऐंशी. संथ वाचनात सेकंदाला पाच मात्रा सहज जातात. म्हणजे ओळीला चार सेकंद, श्लोकाला सोळा. ओळींच्या मधे एकेक श्वास धरला की एकोणीस. हा आकडा पहिल्या श्लोकाला तोच आणि शेवटच्याला तोच. रोजच्या मालिकेसाठी यापेक्षा सोयीचा मजकूर शोधून सापडायचा नाही.

मग उरलं काय ते पाहा. सुरुवातीला पाच सेकंद, श्लोकाला एकोणीस, त्यानंतर एक पूर्ण सेकंद काहीही नाही. शेवटी श्लोकातली एकच ओळ पुन्हा, तिला पाच. निरोपाला तीन. अर्थाला वीस सेकंद द्या. झाले त्रेपन्न. वरचे सात सेकंद काकांच्या ठसक्यासाठी आणि माणूस आहे म्हणून. सावकाश बोलताना मराठीत सेकंदाला दोन शब्द होतात, म्हणजे वीस सेकंदांत चाळीस. तुम्हाला रोज नवीन लिहायचेत ते चाळीस शब्द, बाकी सगळं ठरलेलं. तुमच्या नमुन्यात संकल्पासकट अर्थाला सत्तावन्न लागलेत, आणि सुरुवातीला एकवीस, म्हणजे दहा-अकरा सेकंद. त्यात उदाहरण आणि निरोप आले की दीड मिनिट झालं.

उदाहरण आणि संकल्प हे दोन कप्पे काढून टाका. समर्थांच्या चार ओळींमागे आपण दोन-दोन शेपट्या जोडल्या की ऐकणाऱ्याच्या कानात शेपटीच राहते.

संत्रानगरीकर

ताई, हिशेब पटला. पण चाळीस शब्दांत अर्थ म्हणजे फारच त्रोटक नाही का होणार? आणि सुरुवात पाच सेकंदांत कशी बसवू? मंडळाला नागपूरचं नाव हवं आहे.

निवृत्त_निवेदिका

सुरुवात : "मनाचे श्लोक, रोज एक. नागपूरहून नमस्कार. आज श्लोक अकरावा." नऊ शब्द. संपलं.

रोज ऐकायच्या सुरुवातीत जे तिसऱ्याच दिवशी शिळं होतं ते ठेवायचं नसतं. "आपली आवडती मालिका" हे पहिल्या दिवशी खोटं असतं आणि पन्नासाव्या दिवशी कंटाळवाणं. "सुप्रभात" सुद्धा नको, कारण निम्मे लोक रात्री जेवण झाल्यावर ऐकतात. वार, तिथी, सण यांतलं काहीही नको. एखाद्या दिवशी व्हिडिओ चुकला तर उद्याचा परवा टाकता आला पाहिजे.

अर्थासाठी एक युक्ती सांगते. अर्थ सांगू नका. श्लोकातला सांधा दाखवा. मनाच्या बऱ्याच श्लोकांत दोन ओळींनंतर वळण असतं. अकराव्यात पहिल्या दोन ओळी प्रश्न टाकतात आणि पुढच्या दोन मनाला जबाबदार धरतात. लोकांना पहिली ओळ पाठ असते, ती म्हण झालीये. वळण कुणाच्या ध्यानात नसतं. आपले चाळीस शब्द त्या वळणावर खर्च करायचे. बघा असं चालतं का :

"पहिल्या दोन ओळी मनाला कामाला लावतात : जा, सगळं जग फिरून ये, एक तरी पूर्ण सुखी माणूस सापडतो का बघ. मन रिकाम्या हातानं परत येतं. मग पुढच्या दोन ओळी त्याच मनाला विचारतात, आज जे वाट्याला आलंय, त्यातलं तू स्वतः जमवलेलं किती?"

बरोबर चाळीस. मग एक श्वास, आणि पुन्हा "विचारे मना तूचि शोधूनि पाहे". निरोप : "उद्या, पुढचा श्लोक."

एक गोष्ट तुमच्या नमुन्यात मला फार खटकली ती सांगते. "तुम्हाला जे दुःख भोगावे लागते ते तुमच्याच पूर्वसंचिताचे फळ आहे." अहो, तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्या बाईचा नवरा गेल्या आठवड्यात गेला असेल. तिनं सकाळी सातला हे ऐकायचं? समर्थ श्रोत्याला काहीच म्हणत नाहीत, ते मनाशी बोलतात. 'मना', 'तू', 'त्वां'. आपण अर्थ सांगताना त्या 'मना'चं 'तुम्ही' करतो आणि स्वतःशी चाललेलं बोलणं एकदम प्रवचन होऊन बसतं. म्हणून साच्यातच नियम घाला : अर्थाच्या चाळीस शब्दांत 'तुम्ही' आणि 'मित्रांनो' येणार नाही. बोलायचं ते मनाबद्दल किंवा मनाशी.

सदरकर

मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या चर्चच्या ग्रुपवर मी रोजचं वचन वाचते आणि मला हा साचा अजिबात बसत नाहीये. ताईंनी म्हटलं तसं तुमच्या सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या. आमच्याकडे योहानाच्या अकराव्या अध्यायात एक वचन आहे, "येशू रडला." दोन शब्द. आणि एस्तेरच्या आठव्या अध्यायातलं नववं वचन वाचायला घेतलं तर दम लागतो, त्यात लेखक, प्रांत, अधिकारी आणि भाषा सगळं येतं. एकोणीस सेकंद कुठल्या हिशेबानं धरू?

दुसरी पंचाईत संदर्भाची. "येशू रडला" एवढंच वाचलं तर का रडला ते कळत नाही, त्याच्या मेलेल्या मित्राची, लाजराची गोष्ट सांगावीच लागते.

निवृत्त_निवेदिका

तुमचं कोडं वेगळं आहे, आणि माझ्या मते अवघड आहे. तिथे वचनाची वेळ ठरवता येणार नाही, म्हणून वचन आणि अर्थ मिळून चाळीस सेकंद धरा आणि एक लांबलं की दुसरं आखडा. "येशू रडला" वाचायला दोन सेकंद, म्हणजे लाजराची गोष्ट सांगायला भरपूर वेळ आहे. त्या दिवशी वचन दोनदा वाचा, गोष्टीच्या आधी आणि नंतर. लांब वचनाला अर्थ सोडूनच द्या. एस्तेरच्या वचनाचं काय करायचं ते मला सुचत नाही. रोजच्या निवडीत ते घेऊच नये असं वाटतं.

सदरकर

वचन दोनदा हे आवडलं. लांब वचनं सोडायची म्हटलं तर आमचे पाळक हरकत घेतील. त्यांना क्रमानं हवं आहे. बघते.

महालातली_सूनबाई

ताई, एका गोष्टीत मी भांडणार. सासऱ्यांना वरचे चाळीस शब्द वाचून दाखवले. ते म्हणाले, छान आहेत, पण समर्थांनी विचारलेलं नाही, सांगितलंय. "मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले." तूच केलंस. त्यात 'किती?' कुठे आहे? तुम्ही वाक्याचा प्रश्न केलात आणि त्याची धार घालवलीत. दुःखी बाईला बोचू नये हे खरं, पण म्हणून श्लोक बोथट करायचा का?

निवृत्त_निवेदिका

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी प्रश्न जाणूनबुजून केला, कारण श्लोक स्वतः एकदा पूर्ण वाचला जातोच, त्याची धार तिथे शाबूत आहे. अर्थ सांगताना मी फक्त दार उघडं ठेवलं. पण "विचारतात" हा शब्द चुकीची साक्ष देतो हे मान्य. "सांगतात, वाट्याला आलंय ते तूच जमवलेलं" असं केलं तर शब्द कमीच होतील. संत्रानगरीकर, तुमचं मंडळ ठरवो. मी माझं मत बदललेलं नाही.

ओवीवेडा

कायद्याचं मान्य, ग्रामगीता राहू दे. पण पडद्यावर श्लोक देताय तर शुद्ध तरी द्या. "सूखी" काय? सुखी. "पूर्वसंचीत" नाही, पूर्वसंचित. काकांना वाचायला दिलेल्या कागदावर तरी दुरुस्त करा.

निवृत्त_निवेदिका

नका हो, हात लावू नका! बोटं मोजून म्हणा. ज-गी-सर्, व-सू-खी, अ-सा-को, ण-आ-हे. 'सू' दीर्घ म्हटला तरच दुसरा गण भरतो. 'सुखी' लिहिलंत तर काका 'सुखी' वाचतील आणि ओळ लंगडेल. मोबाइलचा कळफलक तर आपल्याला न विचारता दुरुस्त करतो, म्हणून पडद्यावरचा मजकूर शेवटी छापील प्रतीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहायचा. प्रतीप्रतींत थोडे पाठभेद असतात, त्यामुळे एकच प्रत धरा आणि २०५ श्लोक तिच्यातूनच घ्या.

उलटंही होतं. आठवा श्लोक "देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी" असा सुरू होतो. तिथे 'दे' लिहिलाय दीर्घासारखा, पण वृत्तात तो ऱ्हस्व हवा, तोकडा उच्चारायचा. काकांच्या कागदावर त्या अक्षराखाली पेन्सिलीनं खूण करा. आणि वृत्त सांभाळायचं म्हणजे घोडा दौडवायचा असंही नाही. गणागणाला ठेका धरला की 'सर्व'चे दोन तुकडे होतात आणि ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. शब्द सलग, मात्रा पूर्ण. एक आड एक दिवस काकांना नुसतं बोलल्यासारखं म्हणायला सांगा, चाल आपोआप सुटेल.

संत्रानगरीकर

हे सगळं काकांपर्यंत पोहोचवतो. आता रेकॉर्डिंगचं. आमच्याकडे सध्या मे महिना आहे, तुम्हाला सांगायला नको. कूलर लावला की मागे विमान उभं असल्यासारखं ऐकू येतं. बंद केला की काका पाचव्या मिनिटाला घामानं भिजतात. सुरुवात एकदाच रेकॉर्ड करून रोज तीच चिकटवली तर काम निम्मं होईल असं वाटतं. चालेल?

निवृत्त_निवेदिका

चालेल, पण सांधा ऐकू येतो. सुरुवात एप्रिलमध्ये बंद खोलीत झाली आणि श्लोक मे महिन्यात कूलरच्या घरघरीत, तर पाचव्या सेकंदाला आवाजाचा रंग एकदम बदलतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खुपतं. तपासायचं तर डोळे मिटून हेडफोननं ऐका. जिथे खोली बदलल्यासारखी वाटेल तिथे सांधा उघडा पडलाय.

म्हणून रोज रेकॉर्ड करू नका आणि सुरुवात चिकटवूही नका. एका बैठकीत सात-आठ श्लोक घ्या, प्रत्येकाची सुरुवात त्याच श्वासात म्हणून. पाच सेकंदांचाच प्रश्न आहे. पहाटे पाच-साडेपाचला बसा, तेव्हा कूलरशिवाय अर्धा तास निघतो. खोलीत गाद्या आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असेल तर त्याच्याकडे तोंड करून बसवा, आवाज घुमत नाही. फोन तोंडासमोर नको, हनुवटीच्या जरा बाजूला, वीतभर अंतरावर. नाहीतर 'प' आणि 'भ' फटाक्यासारखे फुटतात. सात-आठच्या पुढे जाऊ नका. शेवटच्या दोनांत आवाज बसलेला असतो, आणि ते दोन नेमके सलग दिवशी ऐकू येतात.

श्लोकाचा क्रमांक हा एक वेगळाच खोडा आहे. "एकोणसाठावा", "एकोणनव्वदावा" म्हणताना चांगले चांगले अडखळतात. क्रमांक कागदावर आकड्यात लिहू नका, अक्षरी लिहा.

बर्डीचा_भाऊ

पहाटे पाचले उठून श्लोक? आमच्या गल्लीत तेव्हा कोकिळा सुरू होते बे, कूलरपेक्षा जोरात.

निवृत्त_निवेदिका

कोकिळा चालते भाऊ. ती रोज सारखी असते.

रील_बनवणारी

मी शॉर्ट्स आणि रील्सचं काम करते, तेव्हा मला इथे वेगळं मत द्यायचंय. ठरलेली सुरुवात आधी टाकू नका. अनोळखी माणूस बोट सरकवतो तो पहिल्या दोन-तीन सेकंदांत. त्यात त्याला "मनाचे श्लोक, रोज एक" ऐकू आलं तर तो गेला. पहिल्या सेकंदाला "जगी सर्व सूखी असा कोण आहे" ऐकू आलं तर निदान पुढची ओळ येईपर्यंत थांबेल. म्हणजे पहिली ओळ, मग सुरुवात, मग पूर्ण श्लोक. ताईंच्या हिशेबात चार-पाच सेकंद वाढतात, पण सात शिल्लक होतेच.

निवृत्त_निवेदिका

शॉर्ट्ससाठी तुमचं बरोबर असेल. पण ग्रुपवरच्या आजी-आजोबांना कुणी धरून ठेवायचं नाहीये, ते ऐकणारच आहेत. त्यांच्यासाठी ती पाच सेकंदं म्हणजे चष्मा शोधायची, आवाज वाढवायची, "अगं, श्लोक लागला" म्हणून हाक मारायची वेळ. पहिलीच ओळ अंगावर टाकली तर ती हातची जाते.

रील_बनवणारी

मग दोन कापा. ग्रुपसाठी एक, शॉर्ट्ससाठी एक. तेच रेकॉर्डिंग, फक्त पहिली ओळ उचलून पुढे ठेवायची.

निवृत्त_निवेदिका

श्लोकातून उचललेली पहिली ओळ अर्धवट लटकते, कारण काका ती पुढच्या ओळीकडे जात वाचतात. वेगळी म्हणवून घ्यावी लागेल. ते करणार असाल तर माझी हरकत नाही.

महालातली_सूनबाई

सासरे आणखी एक विचारताहेत, आणि हे मलाही आता दिसलं. क्रमानं घेणार असाल तर अठ्ठावीस आल्यावर काय कराल? तिथून सलग कितीतरी श्लोकांची शेवटची ओळ एकच आहे, "नुपेक्षी कदा रामदासाभिमानी". पुढे सत्तेचाळीसपासून पुन्हा तसंच, "जगी धन्य तो दास सर्वोत्तमाचा". तुम्ही शेवटी एक ओळ पुन्हा म्हणणार. आठवडाभर तीच ओळ आली तर लोक म्हणतील, कालचाच व्हिडिओ परत टाकला.

संत्रानगरीकर

हे लक्षातच आलं नव्हतं. क्रम मोडून मधे दुसरे श्लोक पेरू का?

निवृत्त_निवेदिका

क्रम मोडू नका. समर्थांनी ती ओळ पुन्हा पुन्हा आणली ती ठसवण्यासाठीच. आपल्याला तेवढं करायचं की त्या दिवसांत शेवटची ओळ सोडून, त्या दिवशी जी नवी आहे अशी ओळ पुन्हा म्हणायची. अठ्ठाविसाव्याला "पुढे देखता काळ पोटी थरारी" घ्या. अर्थाचे शब्दही ध्रुवपदावर घालवू नका. पहिल्या दिवशी एकदाच सांगा की ही ओळ आता रोज भेटणार आहे, मग तिला हात लावू नका. पडद्यावर मात्र क्रमांक मोठा दिसू द्या, म्हणजे कालचा आणि आजचा वेगळा हे डोळ्यांनाही कळेल.

श्लोकातलं वळण दाखवायचा नियमही सगळीकडे बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. सहाव्या श्लोकाच्या चारही ओळी "नको रे मना" अशाच सुरू होतात. क्रोध, काम, हाव, मत्सर अशी एकामागून एक नकारघंटा आहे, वळण नाहीच. तिथे चाळीस शब्दांत चारही विकार समजावायला जाऊ नका, एक धरा. मी क्रोधाला लावलेलं 'खेदकारी' धरीन. राग येतो तेव्हा गोड लागतो आणि खेद मागून येतो, एवढं सांगून थांबेन.

संत्रानगरीकर

ताई, अठ्ठाविसावा लिहून पाहिला. तपासाल का?

"मनाचे श्लोक, रोज एक. नागपूरहून नमस्कार. आज श्लोक अठ्ठाविसावा.

दीनानाथ हा राम कोदंडधारी
पुढे देखता काळ पोटी थरारी
मना वाक्य नेमस्त हे सत्य मानी
नुपेक्षी कदा रामदासाभिमानी

ज्याला पाहून काळाच्याही पोटात गोळा येतो, तो हातात धनुष्य घेऊन उभा आहे, आणि उभा आहे दीनांच्या बाजूनं. मनाची भीती नेमकी उलटी चालते, ते काळाला घाबरतं आणि रामाला विसरतं. शेवटची ओळ आता काही दिवस रोज भेटेल : आपल्या दासाला तो टाकून देत नाही.

पुढे देखता काळ पोटी थरारी.

उद्या, पुढचा श्लोक."

निवृत्त_निवेदिका

छान. थोडं लांबलंय, "काही दिवस" काढा. "उभा आहे" दोनदा आलंय ते राहू द्या, बोलण्यात ते चांगलं वाटतं. पहिल्या ओळीतला 'दी' आठव्या श्लोकातल्या 'दे'सारखाच तोकडा म्हणायचा, कागदावर खूण करा. 'नुपेक्षी' मात्र काकांकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या. 'न उपेक्षी' असं फोडून म्हटलं की मात्रा वाढते.

महालातली_सूनबाई

आणि त्याच्या आदल्या दिवशी सत्तावीस येतो हे विसरू नका. "भवाच्या भये काय भीतोस लंडी". लंडी म्हणजे भित्रा, पण पडद्यावर तो शब्द बघून ग्रुपमध्ये काय काय येईल! सासरे हसताहेत.

संत्रानगरीकर

काकांना विचारलं. म्हणतात, समर्थांनी लिहिलंय तर मी म्हणणार, आणि जोरात म्हणणार.